यू आर कमिंग, इझन्ट इट? – शेपूट नक्की कशाशी जुळवायचं?

ओवीची_आई (सोमवार, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा दहावीला आहे. क्लासच्या सराव पेपरात "क्वेश्चन टॅग जोडा" असा एका मार्काचा प्रश्न होता. वाक्य असं:

ही हॅज टू कॅच द सेव्हन फिफ्टीन ट्रेन.

लेकीने लिहिलं, "डझन्ट ही?" सरांनी त्यावर लाल काट मारून शेजारी "हॅजन्ट ही?" लिहिलंय. लेक म्हणते, मीच बरोबर. पण का बरोबर, ते तिला सांगता येत नाही. "कानाला तसं वाटतं" एवढंच म्हणते. सरांचं म्हणणं, वाक्यात हॅज दिसतोय तर टॅगमध्ये हॅजच यायला हवा.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "इझन्ट इट लाव आणि मोकळी हो. आमच्या ऑफिसात सगळे तेच बोलतात." यू आर कमिंग इझन्ट इट, ही लेफ्ट यस्टर्डे इझन्ट इट, सगळीकडे एकच शेपूट. पेपरात ते चालत नाही एवढं मलाही कळतं, पण पुढे माझीही गाडी अडते. जाणकारांनी जरा उलगडून सांगा. नियमांचा तक्ता नको, तो तिच्या गाइडात आहे आणि तो वाचूनच हा घोळ झालाय.

भोळा_सांब (सोमवार, रात्री 10:05)

सोपं आहे हो ताई. ॲम, इज, आर, वॉज, वेअर, हॅज, हॅव, हॅड, विल, कॅन यांपैकी काही वाक्यात दिसलं की तेच उचलायचं आणि नॉट लावायचं. यांपैकी काहीच नसेल तर डू, डज, डिड. आमच्या वेळी हेच शिकवलं होतं आणि मला पैकीच्या पैकी मिळाले होते. हॅज आहे, म्हणजे हॅजन्ट ही. सर बरोबर.

निवृत्त_खडू (सोमवार, रात्री 10:50)

मार्क सरांचे असले तरी वाक्य मुलीचं बरोबर आहे. डझन्ट ही.

सांबराव, तुमचा नियम दहातल्या आठ वाक्यांना चालतो, म्हणून तर तो इतकी वर्षं टिकलाय. पण तो शब्द नुसता दिसतोय का एवढंच बघतो, तो शब्द वाक्यात काय काम करतोय ते बघत नाही. हॅज हा दोन तऱ्हांनी राबतो. कधी तो दुसऱ्या क्रियापदाचा मदतनीस असतो, तर कधी स्वतःच मालक असतो.

मी वर्गात तक्ता कधी लावला नाही. मुलांना एकच काम सांगायचो. टॅगचा विचार आधी सोडून द्या आणि दिलेल्या वाक्याचा साधा हो-नाहीचा प्रश्न करा. त्या प्रश्नात जो शब्द सगळ्यात पुढे येतो, तोच टॅगमध्ये जातो. बस.

ओवीच्या वाक्याचा प्रश्न करून बघा. "हॅज ही टू कॅच द ट्रेन?" असं आज कुणी विचारतं का? आपण विचारतो, "डज ही हॅव टू कॅच द ट्रेन?" पुढे आला डज. मूळ वाक्य होकारी, म्हणून टॅग नकारी. डझन्ट. कर्ता ही, तो तसाच. डझन्ट ही. तुमच्या लेकीचा कान हेच करत होता, फक्त तिला ते शब्दांत मांडता आलं नाही.

आता हॅजची तीन वाक्यं शेजारी ठेवा.

ही हॅज मिस्ड द ट्रेन. प्रश्न: हॅज ही मिस्ड द ट्रेन? टॅग: हॅजन्ट ही.
ही हॅज टू कॅच द ट्रेन. प्रश्न: डज ही हॅव टू कॅच द ट्रेन? टॅग: डझन्ट ही.
ही हॅज ब्रेकफस्ट ॲट सिक्स. प्रश्न: डज ही हॅव ब्रेकफस्ट ॲट सिक्स? टॅग: डझन्ट ही.

पहिल्यात हॅजच्या मागे मिस्ड उभा आहे, खरं काम त्याचं. तिसऱ्यात हॅज म्हणजे चक्क खाणं. न्याहारी हॅजच करतोय, तिथे मदतनीस कुणीच नाही, म्हणून प्रश्न करताना डज बाहेरून बोलवावा लागतो. हॅडचंही तेच. "वुई हॅड लंच ॲट वन, हॅडन्ट वुई?" असं लिहिणारे दर वर्षी भेटायचे. तिथे डिडन्ट वुई.

भोळा_सांब (सोमवार, रात्री 11:10)

खडूकाका, मान्य. पण मग सर इतक्या ठामपणे काट मारतात ते काय उगाच? मीसुद्धा "हॅजन्ट ही" असं हॅजच्या वाक्यांत इंग्रजांच्या तोंडून ऐकलंय, आणि तिथे पुढे ते मिस्ड-बिस्ड काही नव्हतं.

लेस्टरकर (मंगळवार, पहाटे 2:15)

इकडून लिहितोय, म्हणून वेळ अशी विचित्र दिसेल.

सांबराव, तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही. ब्रिटनमध्ये "ही हॅज अ कार, हॅजन्ट ही?" म्हणणारी माणसं आहेत, विशेषतः जुन्या पिढीतली. त्यांच्या तोंडी "हॅज ही अ कार?" हा प्रश्नही असतो. म्हणजे काकांची कसोटी तिथेही लागू पडते. त्यांचा प्रश्न वेगळा, म्हणून टॅग वेगळा. अमेरिकेत हे जवळपास ऐकू येत नाही आणि इथल्या तरुणांतही डझन्टच चालतो.

पण माझ्या मते सरांचा घोटाळा दुसरीकडे आहे. इथे बोलताना "हॅज टू"च्या जागी "हॅज गॉट टू" सर्रास वापरतात. ही'ज गॉट टू कॅच द ट्रेन. आता प्रश्न करा: "हॅज ही गॉट टू कॅच द ट्रेन?" इथे हॅज पुढे आला, म्हणून हॅजन्ट ही. गॉट आला की हॅज मदतनीस होतो, गॉट गेला की मालक. अर्थ तोच, ट्रेनही तीच, पण शेपूट बदललं. कुठल्यातरी गाइडातलं गॉटवालं उत्तर गॉट नसलेल्या वाक्याला चिकटलं असणार, असा माझा अंदाज.

आणि ओवीच्या बाबांना सांगा, त्यांना इथे भरपूर सोबत आहे. लंडनच्या बऱ्याच भागांत पोरं कशालाही "इनिट" लावतात. "यू आर कमिंग, इनिट", "ही वेन्ट होम, इनिट". मूळ तेच इझन्ट इट, घासून गुळगुळीत झालेलं. वेल्समध्येही सगळीकडे इझन्ट इट लावायची जुनी सवय आहे. फक्त नोकरीच्या मुलाखतीत तीच पोरं आर्न्ट यू म्हणतात.

ओवीची_आई (मंगळवार, सकाळी 7:30)

बाप रे, गॉटचं हे माहीतच नव्हतं. लेकीला आत्ता डब्याच्या गडबडीत वाचून दाखवलं. ती म्हणते, "बघ!" एवढंच म्हणून गेली शाळेत.

ह्यांचं मात्र म्हणणं, "मग इंग्लंडात चालतं ते आम्हाला का चालू नये?" याला काय उत्तर देऊ?

निवृत्त_खडू (मंगळवार, सकाळी 9:00)

बोलण्यात चालू द्या की. त्यांच्या ऑफिसात सगळ्यांना कळतं, काम होतं. मी त्याला चूक म्हणणार नाही, ती आपल्या बोलण्याची तऱ्हा आहे. ती येते कुठून तेही उघड आहे. आपल्या "ना"ला क्रियापदाशी काही देणंघेणं नसतं. तू येणार आहेस ना, तो काल गेला ना, त्याला गाडी पकडायचीय ना. कर्ता बदलो, काळ बदलो, "ना" जागचा हलत नाही. फ्रेंच, जर्मन माणसंही एकच ठरलेलं शेपूट लावतात. इंग्रजीच जरा जास्त हिशेबी आहे, ती दर वेळी शेपूट मापाने शिवून मागते.

पेपर मात्र हा हिशेबच तपासतो, म्हणून तिथे इलाज नाही.

एक मात्र ओवीला जरूर सांगा. इझन्ट इट हे मुळात चुकीचं शेपूट नाही. काही मुलं एकदा ओरडा खाल्ला की ते कायमचं टाकूनच देतात आणि मग "इट इज रेनिंग, आर्न्ट यू" असलं काहीतरी लिहून ठेवतात. वाक्याचा कर्ता इट, दिस, दॅट किंवा एखादी वस्तू असेल आणि क्रियापद इज असेल, तर तेच बरोबर. दिस इज युवर बॅग, इझन्ट इट? द शॉप इज क्लोज्ड, इझन्ट इट? दिस असलं तरी टॅगमध्ये "इझन्ट दिस" होत नाही. आणि देअर इज असेल तर देअरच राहतं: देअर इज सम मिल्क लेफ्ट, इझन्ट देअर?

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी 1:20)

आत्ता उठलो. धागा बघून राहवलं नाही. माझा प्रॉब्लेम शेपूट लावण्याचा नाही, लागलेल्या शेपटाला उत्तर देण्याचा आहे.

मी अमेरिकन ग्राहकांशी फोनवर बोलतो. एक बाई म्हणाल्या, "यू हॅवन्ट शिप्ड इट येट, हॅव यू?" माल गेला नव्हता. मी आपलं मराठीत विचार करून म्हटलं, "यस मॅम." म्हणजे, हो, तुम्ही म्हणता ते खरं आहे, नाही पाठवला. त्यांनी ऐकलं, "पाठवला." दोन दिवसांनी त्यांचा फोन पुन्हा आला आणि मग जे काय झालं ते झालं. तेव्हापासून मी यस-नो म्हणतच नाही, सरळ अख्खं वाक्य बोलतो. हे कुणी नीट समजावेल का?

लेस्टरकर (मंगळवार, सायंकाळी 4:05)

हा खरा खड्डा आहे. मी इथे आल्यावर पहिलं वर्ष त्यात पडत होतो.

आपण समोरच्याच्या बोलण्याला हो म्हणतो. "नाही ना पाठवला?" "हो, नाही पाठवला." इंग्रजीत हो-नाही समोरच्याला नसतं, ते मालाला असतं. माल गेला असेल तर यस, गेला नसेल तर नो, मग विचारणाऱ्याने होकारी विचारो की नकारी. "यू हॅवन्ट शिप्ड इट, हॅव यू?" याला "नो, आय हॅवन्ट." "यू हॅव शिप्ड इट, हॅवन्ट यू?" यालाही, माल गेला नसेल तर, "नो, आय हॅवन्ट." प्रश्न उलटा झाला, उत्तर तेच राहिलं.

तुम्ही अख्खं वाक्य बोलता ते शहाणपणाचं आहे. निदान यस-नोच्या मागे ते छोटं शेपूट जोडाच. नुसतं "नो" लटकत ठेवण्यापेक्षा "नो, वुई हॅवन्ट" म्हटलं की चूक व्हायला जागा उरत नाही. आणि "यस, वुई हॅवन्ट" असं तोंडातून निघालं तर ते कानाला खटकायला हवं. यस आणि नॉट एकत्र आले म्हणजे कुठेतरी मराठी आत शिरलं.

चिंच_गूळ (मंगळवार, सायंकाळी 6:40)

मला वाटतं ताईंचा प्रश्न असा आहे की यू आर कमिंग, आर्न्ट यू म्हणणं उद्धटपणाचं आहे का. माझ्या वहिनींना त्यांच्या बॉसने तसं लिहिलं होतं, त्यांना ते धमकीसारखं वाटलं. "यायचंय हं" असं. मी तर म्हणते सरळ "आर यू कमिंग?" विचारावं, शेपूट हवंच कशाला?

ओवीची_आई (मंगळवार, सायंकाळी 7:15)

चिंच_गूळ, माझा प्रश्न तो नव्हता 😀 पण आता तोही पडला.

निवृत्त_खडू (मंगळवार, रात्री 8:30)

प्रश्न निराळा असला तरी चांगला आहे. "आर यू कमिंग?" म्हणजे मला माहीत नाही, सांग. "यू आर कमिंग, आर्न्ट यू?" म्हणजे मला वाटतंय तू येतोयस, फक्त पक्कं कर. शेपटाचा सूर वर चढला तर थोडी शंका उरलेली असते. सूर खाली उतरला तर विचारणाऱ्याने ठरवूनच टाकलंय, त्याला नुसती मान हलवून हवीय. बॉसने लिहून पाठवलं, लिहिण्यात सूर नसतो, म्हणून वहिनींना कुठला ऐकू यावा हे त्यांच्या बॉसवर अवलंबून 😀

आणि वाक्य होकारी, शेपूटही होकारी, असंही इंग्रज बोलतात बरं का. "सो यू आर कमिंग, आर यू?" म्हणजे "अच्छा, येतोयस तर!" यात आश्चर्य असतं, कधी टोमणा असतो. दहावीच्या पेपरात हे लिहू नये. तिथे उलटसुलट हाच हिशेब.

ओवीची_आई (मंगळवार, रात्री 9:50)

काका, तुमची प्रश्न करायची युक्ती घेऊन आज लेकीला बसवलं. बहुतेक वाक्यं पटापट सुटली. अडलेली टाकते, तिनेच निवडलीत.

1. ही'ड बेटर टेक अ टॅक्सी.
2. दे पुट द लगेज ऑन द रॅक.
3. फ्यू पीपल न्यू द वे.
4. नोबडी टोल्ड हिम.

पहिल्यात तिने वुडन्ट लिहिलंय. दुसऱ्यात तिची आणि मैत्रिणीची उत्तरं वेगळी आली.

निवृत्त_खडू (मंगळवार, रात्री 10:40)

पहिलं. ही'ड मध्ये कोण लपलंय ते आधी काढायचं, मगच प्रश्न करता येतो. ते पुढच्या शब्दावरून कळतं. पुढे क्रियापदाचं तिसरं रूप असेल, ही'ड मिस्ड द ट्रेन, तर आत हॅड. पुढे साधं रूप असेल, ही'ड लाइक सम टी, तर आत वुड. ओवीने टेक हे साधं रूप पाहून वुड धरलं, तर्क चांगला होता. पण मध्ये बेटर आहे. बेटर आला की आत नेहमी हॅडच असतो. पूर्ण वाक्य ही हॅड बेटर टेक अ टॅक्सी. टॅग हॅडन्ट ही. त्याच जागी रादर आला असता, ही'ड रादर वॉक, तर वुडन्ट ही.

ही'ज चंही असंच. ही'ज मिसिंग द ट्रेन मध्ये इज आहे, ही'ज मिस्ड द ट्रेन मध्ये हॅज आहे. गंमत म्हणजे ही'ज फिनिश्ड याचं दोन्ही होऊ शकतं. काम संपवलं असेल तर हॅजन्ट ही, आणि माणूसच संपला, त्याचं आता काही खरं नाही असं म्हणायचं असेल तर इझन्ट ही. पण हे परीक्षेत कुणी विचारत नाही, आणि विचारू नये.

दुसरं. दोघी मैत्रिणी बरोबर आहेत, वाक्य लबाड आहे. पुटची तिन्ही रूपं एकच. दे असल्यामुळे काळ कळायला मार्ग नाही. रोज ठेवतात तर डोन्ट दे, काल ठेवलं तर डिडन्ट दे. पेपरात यस्टर्डे, एव्हरी डे असं काहीतरी शेजारी असतं ते शोधायचं. कर्ता ही असता तर काळजी नव्हती. ही पुट, शेवटी एस नाही, म्हणजे भूतकाळच, डिडन्ट ही. कट, हिट, शट, कॉस्ट यांनाही हेच. आणि आर-ई-ए-डी लिहिलेलं रेड. देवनागरीत रीड आणि रेड वेगळं दिसतं, इंग्रजीत मुलं रीड वाचून डझन्ट लावतात. शी रेड द लेटर, एस नाही, डिडन्ट शी.

तिसरं आणि चौथं लेस्टरकरांवर सोपवतो, झोप येतेय.

लेस्टरकर (बुधवार, पहाटे 1:30)

काकांची आज्ञा.

फ्यू आणि अ फ्यू यांत नुसतं एक अ आहे, पण त्याने शेपूट फिरतं. अ फ्यू पीपल न्यू द वे म्हणजे चार जणांना तरी रस्ता माहीत होता. वाक्य होकारी, म्हणून डिडन्ट दे. नुसतं फ्यू म्हणजे फारसा कुणालाच माहीत नव्हता. नॉट कुठेच नाही तरी वाक्याचा कल नकाराकडे, म्हणून टॅग होकारी: डिड दे. लिटल आणि अ लिटलचं तसंच. हार्डली, सेल्डम, नेव्हर हीसुद्धा नॉट न घालता वाक्य नकारी करणारी मंडळी. ही हार्डली एव्हर ट्रॅव्हल्स, डज ही?

नोबडी टोल्ड हिम मध्ये नकार तर उघड आहे, म्हणून डिड. पण कर्ता कोण? नोबडी, एव्हरीबडी, समवन यांना टॅगमध्ये दे मिळतो. डिड दे? गंमत बघा, एव्हरीवन हॅज कम, हॅवन्ट दे? आधी हॅज होता, दे आला म्हणून हॅव झाला. मुलं इथे हॅजन्ट दे लिहून बसतात. नथिंग किंवा एव्हरीथिंग असेल तर इट: नथिंग हॅपन्ड, डिड इट?

भोळा_सांब (बुधवार, सकाळी 8:10)

आता माझ्या वाट्याचं एक. आय ॲम लेट. प्रश्न: ॲम आय लेट? मग टॅग ॲमन्ट आय? काकांची कसोटी इथे तोंडावर पडली!

निवृत्त_खडू (बुधवार, सकाळी 9:20)

पडली खरी. आर्न्ट आय लिहायचं. ॲमन्ट स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये बोलतात, आपल्या पेपरात नको. फारच औपचारिक लिहायचं तर ॲम आय नॉट.

लेट्स गो ला शॅल वुई, ओपन द डोअर ला विल यू. यांचाही प्रश्न होत नाही, ही पाठच करावी लागतात. यादी एवढीशीच आहे.

लेस्टरकर (बुधवार, दुपारी 3:00)

काका, मस्टचं काय? ही मस्ट बी टायर्ड. कसोटीने मस्टन्ट ही. पण इथे मी इझन्ट ही सुद्धा ऐकतो, कारण बोलणाऱ्याचा अर्थ "दमलेला दिसतोय" असा असतो, सक्ती नसते. आणि ही मस्ट हॅव मिस्ड द ट्रेन याला तर हॅजन्ट ही, डिडन्ट ही, मस्टन्ट ही, तिन्ही ऐकलंय.

निवृत्त_खडू (बुधवार, सायंकाळी 5:45)

मी वर्गात मस्टन्ट शिकवलं. सक्तीच्या वाक्याला, यू मस्ट कॅच द ट्रेन, त्यात शंका नाही. अंदाजाच्या वाक्याला इझन्ट ही जास्त स्वाभाविक वाटतं हे कबूल, पण ते बरोबर म्हणून मार्क द्यायला माझा हात धजला नसता. तुम्ही मला पटवू शकाल असंही वाटत नाही 😀

लेस्टरकर (बुधवार, सायंकाळी 6:10)

आणि तुम्ही मला. पुढे चला.

ओवीची_आई (गुरुवार, रात्री 9:15)

अपडेट. लेकीने आज सरांना डज ही हॅव टू कॅच करून दाखवलं. सर म्हणाले, "तुझं पण चालेल." मार्क वाढवला नाही, कारण गाइडात हॅजन्ट छापलंय म्हणे. तिने गाइड मागून बघितलं. लेस्टरकर, तुमचा अंदाज अगदी बरोबर, गाइडातल्या वाक्यात गॉट आहे. सरांनी फळ्यावर लिहिताना तो गळला होता.

शेवटचं एक वाक्य, हे तिने स्वतः बनवून मला अडकवलंय. बाबा सेड ही'ड कम बाय सेव्हन. टॅग वुडन्ट ही की डिडन्ट ही? दोन्हीकडे ही च आहे, त्यामुळे कर्त्यावरूनही काही कळत नाही.

निवृत्त_खडू (गुरुवार, रात्री 9:40)

लेक हुशार आहे. अख्ख्या वाक्याचा प्रश्न करा. डिड बाबा से ही'ड कम बाय सेव्हन? डिडन्ट ही. शेपूट म्हणण्याला लागतं, येण्याला नाही.

फक्त सुरुवात आय थिंक, आय सपोज अशी असेल तर उलट. आय थिंक ही'ल कम बाय सेव्हन, वोन्ट ही? तिथे आय थिंक म्हणजे नुसतं "बहुतेक", बोलणारा स्वतःचाच विचार स्वतःला थोडाच विचारणार! आणि आय डोन्ट थिंक ही'ल कम असेल तर तो डोन्टचा नकार पुढच्या वाक्यात धरायचा: विल ही? पण ही थिंक्स शी'ल कम असेल तर पुन्हा डझन्ट ही, कारण दुसऱ्याचा विचार विचारता येतो.

रात्रपाळी (गुरुवार, रात्री 11:50)

मधल्या सुट्टीत वाचतोय. आत्ताच एकाने विचारलं, "आय डोन्ट सपोज यू कॅन रिफंड दॅट, कॅन यू?" मी म्हटलं, "नो, वुई कान्ट, सर." तो "ओके" म्हणाला आणि फोन ठेवला.

ओवीची_आई (शुक्रवार, सकाळी 7:20)

सर्वांचे आभार. बाबा काल साडेआठला आले. लेकीने दारातच विचारलं, "यू सेड यू'ड कम बाय सेव्हन, डिडन्ट यू?" हे म्हणाले, "यस, इझन्ट इट."